‘प्रिय ग्राहक’ खोडा, काकांना पत्र लिहा

‘सन्माननीय ग्राहक बंधू-भगिनींनो, आमच्या प्रतिष्ठानास 25 वर्षे पूर्ण होत आहेत. आपला अतूट विश्वास, प्रेम आणि सहकार्य हीच आमची खरी पुंजी. यापुढेही असाच स्नेह वृद्धिंगत व्हावा, ही नम्र विनंती. रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त निवडक खरेदीवर 10 टक्के सूट. त्वरा करा! आपले विनीत.’

दुकानाचा वर्धापनदिन जवळ आला की असा मजकूर घेऊन मालक छापखान्यात जातो. वर देवाचे चित्र, खाली दुकानाचा फोटो, मध्ये हा मजकूर. त्यात खोटे काहीच नाही. मात्र दुकानाचे नाव हाताने झाकून तो पुन्हा वाचला, तर पत्र सराफाचे आहे, कापडवाल्याचे आहे की औषधवाल्याचे, हे ओळखता येत नाही. ग्राहकाने नेमके काय केले आणि त्यामुळे दुकान कसे टिकले, याचा एकही शब्द त्यात नाही. त्यामुळे वाचणाऱ्याच्या लक्षात राहते ती एवढीच गोष्ट की 10 टक्के सूट आहे.

हे पत्र खरे कसे करायचे, ते वाशिम जिल्ह्यातल्या एका नमुन्यावरून पाहू. समजा, मंगरुळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारसारख्या बाजारगावात एक कृषी सेवा केंद्र आहे. अक्षय तृतीयेला त्याला 25 वर्षे होतात. खातेवहीत 600 शेतकरी आहेत आणि त्यातले 60 जण पहिल्या चार-पाच वर्षांपासून येणारे. दुकान काल्पनिक असले, तरी त्याच्या काउंटरवर घडणाऱ्या गोष्टी सोयाबीन-तुरीच्या या पट्ट्यात सगळ्यांच्या परिचयाच्या आहेत.

कृषी केंद्राचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. किराणा रोज नेला जातो आणि महिन्याभरात संपतो. बियाण्याची थैली जूनमध्ये नेली जाते आणि ती कशी निघाली हे कळायला दसरा उजाडतो. मधल्या काळात शेतकऱ्याने दुकानदाराच्या शब्दावर आख्खा हंगाम लावलेला असतो. आभार मानायला इतके ठोस कारण फार थोड्या धंद्यांत मिळते आणि तरीही छापील पत्रात नेमके तेच गळून पडते.

लिहिताना एकच कसोटी धरायची. पत्रातल्या वाक्याची शहानिशा ग्राहकाला स्वतःच्या आठवणीवरून करता आली पाहिजे. ‘आपला अतूट विश्वास’ खरा की खोटा, हे कोणी तपासू शकत नाही. ‘पहिल्या वर्षी दुकानात फळीसुद्धा धड नव्हती, तेव्हा तुम्ही दोन थैल्या नेल्या’ हे वाक्य वाचून माणूस मान हलवतो किंवा ‘दोन नाही, तीन नेल्या होत्या’ म्हणून दुरुस्तही करतो. दुरुस्त करणाऱ्या माणसाने पत्र मनापासून वाचलेले असते.

आधी बिलबुके काढा

आठवणीच्या भरवशावर 60 पत्रे लिहिता येत नाहीत. दहा पत्रांनंतर सगळे शेतकरी एकसारखेच वाटू लागतात. म्हणून पत्र लिहिण्याआधी जुनी बिलबुके काढावीत. या धंद्यात ती सोय आयती आहे, कारण बियाणे विकताना पक्के बिल द्यावे लागते आणि त्यावर वाण व लॉट नंबर असतो. जोडीला खातेवही असतेच. बिलावरून कोणी कोणत्या वर्षी काय नेले ते कळते आणि खातेवहीवरून कोण कधीपासून येतो ते.

प्रत्येक जुन्या ग्राहकासाठी वहीत तीन ओळी लिहाव्यात: तो पहिल्यांदा कधी आला, मधल्या काळात त्याच्याबरोबर घडलेला एखादा प्रसंग आणि आज त्याच्या घरून दुकानात कोण येते. तिसरी ओळ विशेष महत्त्वाची. 25 वर्षांत वडिलांच्या जागी मुलगा येऊ लागलेला असतो, काही ठिकाणी शेत वहिनी पाहत असतात, काही ठिकाणी वाटणी होऊन एका खात्याची तीन खाती झालेली असतात. खातेवहीतले नाव जसेच्या तसे पाकिटावर उतरवले आणि ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारलेले असले, तर आभाराच्या पत्राने घरातले सगळे दुखावतात. हे टाळायचे असेल, तर यादी तयार झाल्यावर त्या-त्या गावच्या एका जाणत्या माणसाला ती एकदा वाचून दाखवावी.

काही माहितीला हात लावायचा नाही. अनुदानित खत देताना पॉस मशीनवर शेतकऱ्याची आधारवर ओळख पटवली जाते. ती नोंद खतविक्रीसाठी दिलेली असते, शुभेच्छांसाठी नव्हे. आपल्या बिलबुकातले आणि ग्राहकाने स्वतः दिलेले तेवढेच वापरावे. उधारीचा उल्लेखही पत्रात अजिबात नको, कौतुकाच्या सुरातही नको. ‘तुम्ही नेहमी वेळेवर उधारी फेडली’ हे वाक्य दुकानदाराला गोड वाटते, पण ते पत्र घरात सून आणि शाळकरी नातू यांच्यासमोर मोठ्याने वाचले जाणार असते.

एक प्रसंग निवडा

आता प्रसंग कोणता घ्यायचा? या भागातल्या बहुतेक कृषी केंद्रांकडे 2020 च्या खरिपाची आठवण असेल. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीन भिजले आणि बियाण्याची प्रत घसरली. पुढच्या जूनमध्ये पेरण्या झाल्या आणि विदर्भ-मराठवाड्यात अनेक ठिकाणी सोयाबीन उगवलेच नाही. तक्रारींचा पाऊस पडला, शेतांचे पंचनामे झाले, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. त्यात कोरोनाचे वर्ष. त्या आठवड्यांत दुकानात कोण भांडायला आले, कोण समजून घ्यायला आले आणि कोण पिशवी, टॅग व बिल जपून घेऊन आले, हे दुकानदाराला आजही सांगता येते.

असा प्रसंग पत्रात आणावा, पण जपून. घडले ते लिहावे, दोष कोणाचा याचा निवाडा पत्रात करू नये. ज्या ग्राहकाची तक्रार अजून ग्राहक आयोगात किंवा कृषी विभागाकडे चालू आहे, त्याला त्या विषयावर एक शब्दही लिहू नये. त्याच्यासाठी दुसरा प्रसंग शोधावा. प्रसंग मोठाच असावा असेही नाही. पहिल्या पावसात दुकानात पाणी शिरले तेव्हा थैल्या उचलू लागलेला माणूस किंवा ‘हे औषध पांढऱ्या माशीवर चाललं नाही’ हे स्पष्ट सांगून पुढच्या दहा शेतकऱ्यांचा खर्च वाचवणारा माणूस, हेही तितकेच मोलाचे आहेत.

निवड करताना प्रसंग दुकानाच्या मोठेपणाचा आहे की ग्राहकाच्या, हे पाहावे. ‘लॉकडाऊनमध्येही आम्ही सेवा दिली’ ही दुकानाची जाहिरात झाली. ‘लॉकडाऊनमध्ये तुम्ही गावातल्या आठ जणांची यादी एकट्याने घेऊन आलात, म्हणून दुकानासमोर गर्दी झाली नाही’ हे आभार झाले.

पत्र घडताना

नमुन्यातल्या एका जुन्या ग्राहकाच्या तीन ओळी अशा आहेत असे धरू: वनोजा भागातले शेतकरी, पहिल्या वर्षापासूनचे. 2020 मध्ये सोयाबीन उगवले नाही, तेव्हा पिशवी, टॅग आणि बिल घेऊन आले. आता मुलगा येतो. दुकानदार त्यांना काका म्हणतो. यावरून पहिला कच्चा खर्डा बहुधा असा उतरतो:

‘आपण आमच्या दुकानाचे अत्यंत जुने व विश्वासू ग्राहक आहात. सन 2020 च्या कठीण काळात आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.’

प्रसंग आला, तरी माणूस आला नाही. ‘कठीण काळ’ आणि ‘संयम’ या दोन शब्दांनी घडलेली गोष्ट झाकून टाकली. ‘आम्ही’ म्हणजे कोण, हेही कळत नाही. काउंटरवर तर एकच माणूस बसतो. म्हणून तिथे ‘मी’ लिहावे, ‘संयम’ खोडून काकांनी काय केले ते लिहावे आणि काउंटरवर ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने सुरुवात करावी. दुसरा खर्डा:

‘काका, रामराम.

येत्या अखजीला आपल्या दुकानाला पंचवीस वर्षं होतात. पहिल्या वर्षी दुकानात माल कमी आणि रिकामी जागा जास्त होती. तरी तुम्ही सोयाबीनच्या दोन थैल्या इथूनच नेल्या. त्या वर्षीच्या बिलबुकात तुमचं नाव चौथ्या पानावर आहे.

2020 ला तुमच्या खालच्या वावरात सोयाबीन उगवलं नाही. त्या दिवशी दुकानात खूप लोक चिडून आले होते. तुम्ही पिशवी, टॅग आणि बिल घेऊन आलात आणि बाकीच्यांनाही म्हणालात की हे तिन्ही घेऊन या, त्याशिवाय तक्रार टिकत नाही. तुमच्यामुळे त्या दिवशी भांडणाऐवजी अर्ज लिहिले गेले. तेव्हा गडबडीत तुमचे आभार मानायचे राहिले. ते आज मानतो.

त्या वर्षापासून मी दर थैलीमागे बिल देताना टॅग जपून ठेवायला सांगतो. ही सवय तुम्ही लावली.

आता तुमचा मुलगा दुकानात येतो. तोही तुमच्यासारखाच आधी लॉट नंबर वाचतो, मग थैली उचलतो.

यंदा घरचं सोयाबीन पेरणार असाल, तर त्यातले शंभर दाणे त्याच्याजवळ पाठवा. उगवण किती आहे ते मी तपासून सांगतो. त्याचे पैसे नाहीत.

तुमचा,’

खाली दुकानदाराचे नाव आणि सही, शाईपेनाने. शिक्का नको.

या पत्रात विशेषणे जवळजवळ नाहीत. ‘अमूल्य’, ‘अतूट’, ‘ऋणानुबंध’ यांतला एकही शब्द नाही आणि त्यांची उणीवही भासत नाही, कारण त्यांच्या जागी बिलबुक, वावर, टॅग आणि लॉट नंबर आले आहेत. ‘चौथ्या पानावर’ हे दोन शब्द मात्र खरेच चौथे पान असेल तरच लिहायचे. बिलबुक सापडले नसेल, तर ते वाक्य गाळावे. पत्रातला एक तपशील चुकीचा निघाला की उरलेले सगळे बनावट वाटू लागते.

भाषेचाही विचार आहे. ‘अखजी’, ‘वावर’, ‘थैली’ हे शब्द काउंटरवर रोज बोलले जातात, म्हणून ते पत्रात शोभतात. पण एरवी प्रमाण मराठीत लिहिणाऱ्या दुकानदाराने सगळे पत्र वऱ्हाडीत लिहायला घेतले, तर ते सोंग वाटते. जो शब्द तोंडात आहे तोच कागदावर यावा. वाक्ये लहान ठेवावीत, कारण पुष्कळ घरांत पत्र ज्याच्या नावाने येते तो ऐकतो आणि नातवंड वाचते. एका पानाच्या पुढे पत्र जाऊ नये.

सूट की शब्द

छापील पत्रातली 10 टक्के सूट गेली कुठे, असा प्रश्न दुकानदाराला पडेल. ती द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या दिवशी. आभाराखाली ‘त्वरा करा’ आले की वरचे सगळे आभार सुटीची प्रस्तावना होऊन बसतात.

त्याऐवजी पत्रात एक शब्द द्यावा, म्हणजे दुकानदाराच्या खिशाला किंवा वेळेला थोडी झळ लावणारे एखादे काम. वरच्या पत्रातली उगवण तपासणी तशीच आहे. शेतकऱ्याचे घरचे बियाणे चांगले निघाले तर तो दुकानातून थैली नेणार नाही. तरीही दुकानदार तपासून देतो, हे शेतकऱ्याला बरोबर कळते. काम अवघड नाही. धान्याच्या ढिगातून सरसकट शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे आणि ओल टिकवायची. साधारण आठवड्याने उघडून निरोगी मोड आलेले दाणे मोजायचे. सोयाबीनसाठी 70 टक्के ही किमान उगवण धरली जाते. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले, तर नेहमीच्या प्रमाणात पेरता येते. थोडे कमी भरले, तर एकरी बियाणे वाढवावे लागते. फारच कमी भरले, तर ते पेरू नये हे स्पष्ट सांगायचे. निकाल चिठ्ठीवर तारखेसह लिहून द्यायचा.

मात्र पाळता येईल तेवढाच शब्द द्यावा. साठ घरांतून एकाच आठवड्यात नमुने आले, तर साठ गोणपाटे लागतील. ती ठेवायची कुठे आणि मोजणार कोण, हे आधी ठरवूनच ते वाक्य लिहावे.

बाकीच्या 540 जणांचे काय

प्रत्येकाला असे पत्र लिहिणे शक्य नाही आणि ओढूनताणून लिहूही नये. ज्याच्याबरोबर प्रसंगच घडलेला नाही त्याच्यासाठी प्रसंग रचला, तर तो लगेच उघडा पडतो. त्यांच्यासाठी गावनिहाय पत्र करावे. एका गावात सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट असतेच. नमुना असा: ‘तऱ्हाळ्याच्या मंडळींनो, पावसात रस्ता बंद झाला तेव्हा तुम्ही एकमेकांच्या थैल्या एकाच ट्रॅक्टरवर घालून नेल्या. कोणाची थैली कोणाकडे गेली याची एकही तक्रार माझ्याकडे आली नाही.’ हा मजकूर छापला तरी चालतो. फक्त वरचे नाव आणि खालची सही हाताने करावी.

गिऱ्हाइकाशी कागदावरून बोलण्याची महाराष्ट्रातली एक जुनी आणि मोठी वाट शेतीच्याच धंद्यातून निघाली आहे. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या आणि मालाच्या बातम्या बाहेरच्या लोकांपर्यंत नेणे हा तिचा सुरुवातीचा हेतू होता. पुढे तिचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि ते नांगर न घेणाऱ्या घरांतही वाचले गेले. कृषी केंद्राने मासिक काढायची गरज नाही. ‘खबर’ हा शब्द तेवढा ध्यानात ठेवावा. गावनिहाय पत्रात त्या गावाची एखादी खरी खबर असली की ते वाचले जाते.

केव्हा आणि कसे पाठवायचे

अक्षय तृतीयेचा वर्धापनदिन सोयीचा आहे, कारण तेव्हा रब्बी आटोपलेली असते आणि पेरणीला अवकाश असतो. दुकान जूनमध्ये सुरू झाले असेल, तरी पत्र मे महिन्यातच जावे. मृगाचा पाऊस पडल्यावर आलेले पत्र कोणी उघडत नाही. रोज पाच पत्रे लिहिली, तर साठ पत्रांना बारा दिवस लागतात. एका बैठकीत पाचाच्या वर लिहू नयेत. सहावे पत्र पाचव्याची नक्कल होऊ लागते.

जुन्या साठ जणांना पत्र टपालाने किंवा हातोहात द्यावे. 20 ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला पाच रुपयांचे तिकीट लागते आणि एका कागदाचे पत्र पाकिटासह त्यात सहज बसते. पत्त्यात टपाल कार्यालय आणि पिन कोड लिहायला विसरू नये. एकाच आडनावाची बरीच घरे गावात असतात, म्हणून वडिलांचे नावही लिहावे.

गावनिहाय पत्र व्हॉट्सॲपवरून पाठवायचे असेल, तर ब्रॉडकास्ट यादीची अडचण आधी समजून घ्यावी. एका यादीत 256 जणच बसतात आणि ज्याने दुकानाचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये जतन केलेला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. 540 जणांना पाठवले असे समजून दुकानदार निर्धास्त राहतो आणि प्रत्यक्षात निम्म्यांच्या फोनवर काहीच आलेले नसते. गावनिहाय याद्या केल्या, तर कोणाकडे पोहोचले नाही हे लगेच दिसते. फुलांची चौकट असलेल्या तयार चित्राऐवजी हाताने लिहिलेल्या पत्राचा स्पष्ट फोटो पाठवावा. सकाळच्या शुभेच्छांच्या ढिगात तो वेगळा दिसतो.

पत्रे गेल्यावर काउंटरवर एक कोरी वही ठेवावी. ‘पत्र मिळालं’ एवढेच कोणी म्हणाले, तर ते वहीत लिहायची गरज नाही. कोणी तपशील दुरुस्त केला, स्वतःची आठवण सांगितली किंवा शंभर दाणे कागदाच्या पुडीत बांधून आणले, तर तारीख घालून लिहून ठेवावे. तिसाव्या वर्षीची पत्रे याच वहीतून लिहायची आहेत.

यंदा ज्यांच्या दुकानाचा वर्धापनदिन आहे, त्यांनी छापखान्यात जाण्यापूर्वी पहिल्या वर्षाचे बिलबुक शोधावे आणि त्यातल्या पहिल्या दहा नावांना आधी पत्रे लिहावीत. ती दहा लिहून झाली की उरलेली पत्रे कशी लिहायची, हे वेगळे विचारावे लागणार नाही.